प्रॉम्प्टरवर ओळ हेच घड्याळ

मोबाइलवर प्रॉम्प्टरचे ॲप उतरवून घ्यायचे, त्यात चार परिच्छेद चिकटवायचे आणि थेट रेकॉर्डिंगला बसायचे, असे करणाऱ्या सगळ्यांना माझी एक विनंती आहे. अर्धा तास थांबा आणि आधी त्या परिच्छेदांच्या ओळी करा. शाळेसाठी धडा रेकॉर्ड करणारे शिक्षक, गावाला निरोप देणारे सरपंच, फवारणीचे प्रमाण समजावणारे कृषी सहायक, आजाराची माहिती सांगणाऱ्या डॉक्टर, असे कितीतरी लोक आज कॅमेऱ्यासमोर बसतात. त्यांचे सांगणे मनापासूनचे असते, पण पडद्यावर मात्र कुणीतरी लिहून दिलेले ते वाचताहेत असे वाटते. मग ‘मला कॅमेऱ्यासमोर जमत नाही’ म्हणून माणूस हात टेकतो. माझा अनुभव असा, की दहातल्या आठ वेळा खोट आवाजात नसते. ती मजकुराच्या मांडणीत असते, आणि मांडणी कुणालाही सुधारता येते.

मी बरीच वर्षे स्टुडिओत प्रॉम्प्टर चालवला. बोलणारा काचेसमोर आणि मी बाजूला, हातात फिरवायची चकती, असे माझे काम. त्या काळात शिकलेली मुख्य गोष्ट एका वाक्यात सांगता येईल. प्रॉम्प्टरवर ओळ हेच घड्याळ असते. बाकी सगळे त्यातूनच येते.

ओळ घड्याळ कशी होते

यंत्र साधे आहे. लेन्सच्या पुढे ४५ अंशांत तिरकी ठेवलेली काच असते आणि तिच्या खाली आडवा पडदा. पडद्यावरची अक्षरे आरशात दिसावीत तशी उलटी असतात, काचेवर पडून ती सुलट होतात. बोलणाऱ्याला अक्षरे दिसतात, काचेमागच्या कॅमेऱ्याला फक्त बोलणारा दिसतो. पाठ काळी आणि अक्षरे पांढरी ठेवतात ती याचसाठी. काळ्यातून उजेड येत नाही, त्यामुळे काचेवर अक्षरांखेरीज काही उमटत नाही.

न्यूयॉर्कमध्ये १९५०च्या सुमारास फ्रेड बार्टन नावाच्या नटाला संवाद लक्षात ठेवण्यासाठी सोय हवी होती. त्याच्या कल्पनेवर ह्युबर्ट श्लाफ्ली या अभियंत्याने आणि आयर्विंग कान यांनी मिळून यंत्र उभे केले. तेव्हा त्यात मोठ्या अक्षरांत टाइप केलेला कागदाचा रोल मोटरवर सरकत असे. आज कागद गेला, पडदा आला. पण मजकूर खालून वर सरकतो आणि वाचणाऱ्याने त्याच्याबरोबर चालायचे, हे तसेच राहिले.

या सरकण्यातच सगळे आहे. वेग एकदा ठरला की प्रत्येक ओळीला वाचायची जागा दाखवणाऱ्या बाणापाशी पोहोचायला सारखाच वेळ लागतो. ओळीत पाच शब्द असोत की दोन, यंत्राला त्याचे काही नाही. भरलेली ओळ आली की बोलणाऱ्याला भराभर म्हणावी लागते. दोनच शब्दांची ओळ आली की त्याला सावकाश म्हणायला आपोआप सवड मिळते. कोरी ओळ आली की तो थांबतो, कारण म्हणायला काही नसतेच. म्हणजे बोलण्याची लय लिहितानाच ठरवता येते. परिच्छेद जसाच्या तसा चिकटवला, की हे ठरवणे ॲपकडे जाते, आणि ॲपला फक्त पडद्याची रुंदी कळते.

आता हाताशी आकडा हवा. आपला मजकूर नेहमीच्या चालीने मोठ्याने वाचा, एका मिनिटाला थांबा आणि शब्द मोजा. मराठीत विभक्ती आणि ‘साठी’, ‘मुळे’, ‘पासून’ वगैरे शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटून येतात, त्यामुळे आपले शब्द लांब असतात. इंग्रजीच्या पुस्तकात दिलेला मिनिटाला दीडशे शब्दांचा हिशेब आपल्याला लागू पडत नाही. शांतपणे सांगताना बहुतेक लोक शंभर ते एकशेवीसच्या आत राहतात. समजा तुमचे १०४ शब्द झाले आणि ओळीत सरासरी चार शब्द धरले, तर मिनिटाला २६ ओळी, म्हणजे एका ओळीला सुमारे सव्वादोन सेकंद. हाच तुमच्या घड्याळाचा एक ठोका. पुढची सगळी मांडणी या ठोक्यावर करायची.

ओळ किती लांब

ओळीच्या लांबीला दोन मर्यादा आहेत. एक डोळ्यांची, दुसरी अर्थाची.

डोळ्यांची आधी पाहू. ओळ रुंद असली की बुबुळे डावीकडून उजवीकडे जातात, परत डावीकडे येतात आणि हे बघणाऱ्याला दिसते. ओळ किती सेंटिमीटर आहे यापेक्षा ती किती अंतरावरून वाचली जाते याला जास्त महत्त्व आहे. २० सेंटिमीटर रुंद ओळ दोन मीटरवर असेल, तर डोळ्यांना या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम सहा अंश फिरावे लागते. ते सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. तीच ओळ ६० सेंटिमीटरवर, म्हणजे टेबलावर ठेवलेल्या लॅपटॉपइतक्या अंतरावर आणली, तर एकोणीस अंश होतात. मग सांगणे न ऐकता लोक बोलणाऱ्याचे डोळेच बघत बसतात. म्हणून कॅमेरा आणि प्रॉम्प्टर दोन्ही शक्य तितके मागे घ्या, निदान दीड मीटर. चौकट मोठी दिसू लागली तर लेन्स थोडी झूम करा. शिवाय ॲपमधला समास दोन्ही बाजूंनी वाढवून मजकुराचा पट्टा मधोमध अरुंद ठेवा. पडदा रुंद आहे म्हणून तो भरलाच पाहिजे असे काही नाही.

वाचायच्या ओळीवर जो बाण असतो, तो लेन्सच्या उंचीवर आणा. बहुतेक ॲपमध्ये तो वर-खाली सरकवता येतो. बाण लेन्सच्या खाली राहिला की बोलणारा बघणाऱ्याच्या छातीकडे बघून बोलतो आहे असे दिसते. बाणाखाली तीन-चार ओळी दिसू द्या, त्याहून जास्त नको. पुढचे ढीगभर दिसले की माणूस ते संपवायच्या मागे लागतो.

आता अर्थाची मर्यादा. मराठीत ही जास्त महत्त्वाची आहे, कारण आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि नकार त्याच्याही मागे येतो. याचा फटका मी स्वतः एकदा खाल्ला आहे. एका योजनेची माहिती रेकॉर्ड करत होतो. वाक्य होते, ‘या अर्जासाठी कोणतेही शुल्क आकारले जाणार नाही.’ सरावाला सगळे नीट होते. टेकच्या आधी बोलणाऱ्या बाई म्हणाल्या, ‘दादा, अक्षर जरा मोठं करता का?’ मी केले. अक्षर मोठे झाल्याबरोबर ओळी नव्याने मोडल्या आणि शेवटचा ‘नाही’ एकटा खाली गेला. मी तपासले नाही. बाईंनी ठणठणीत आवाजात ‘शुल्क आकारले जाणार’ असे म्हणून वाक्य संपवले, श्वास घेतला आणि मग कसनुशा आवाजात ‘नाही’ म्हटले. त्यांचे काहीच चुकले नव्हते. काचेवर जे दिसले तेच त्या म्हणाल्या. आम्ही पुन्हा टेक घेतला, पण एकदा पाय घसरलेली पायरी माणूस विसरत नाही. त्यानंतर दर वेळी त्या वाक्यापाशी त्यांचा आवाज दबायचा.

तेव्हापासून मी काही नियम पाळतो, तुम्हीही पाळा. क्रियापद आणि त्याचा ‘नाही’, ‘नका’, ‘नये’ एकाच ओळीत. नाव आणि आडनाव एकाच ओळीत. आकडा आणि त्याचे माप एकाच ओळीत, म्हणजे ‘दोन चमचे’ तोडायचे नाहीत. ‘आणि’, ‘पण’, ‘म्हणून’, ‘तर’ हे शब्द ओळीच्या शेवटी लोंबकळत न ठेवता पुढच्या ओळीच्या सुरुवातीला घ्यायचे, कारण त्या शब्दांआधी आपण सहज थांबतो, नंतर थांबत नाही. ओळ मोडताना स्वतःला एवढेच विचारा, की इथे मी बोलताना थांबलो असतो का? थांबलो असतो तर एंटर दाबा. नसतो तर दाबू नका. असे केले की ओळ आपोआप तीन ते पाच शब्दांची होते.

अक्षराचा आकार बदलला की पहिल्यापासून शेवटपर्यंत मजकूर पुन्हा सरकवून पाहा, हा नियम मात्र कधीच मोडू नका. सगळ्यात लांब ओळ पट्ट्यात आरामात बसते ना, हे त्यात आधी बघा. ती बसली की बाकीच्या बसतातच.

देवनागरीची चाल

प्रॉम्प्टरची बहुतेक ॲप रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली असतात. त्यांची ठरीव मांडणी देवनागरीला मानवत नाही. आपल्या अक्षराला वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार. दोन ओळींतले अंतर कमी असेल तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. थांबून वाचताना ते चालून जाते, सरकत्या ओळीत मात्र डोळा अडखळतो. अक्षराच्या उंचीच्या साधारण दीडपट अंतर ठेवा.

फॉन्ट साधा, मध्यम जाडीचा घ्या. मुक्ता, हिंद, नोटो सान्स देवनागरी यांसारखे फॉन्ट मोफत मिळतात आणि काचेवर चांगले दिसतात. जाड फॉन्ट वाचायला सोपा असेल असे वाटते, पण काचेवर पांढरे अक्षर थोडे फुलते, उजेडाची कड पसरते. मग ‘ध’ची गाठ बुजून तो ‘घ’ वाटतो आणि ‘भ’चा ‘म’ होतो. अगदी बारीक फॉन्ट घेतला तर अनुस्वाराचा ठिपका हरवतो. यासाठी माझी एक कसोटी आहे. मजकुराच्या आधी या दोन ओळी टाकायच्या :

घन धन, भात मात
मद मंद, रवा खा

आणि बोलणाऱ्याला त्याच्या खऱ्या जागेवर बसवून त्या वाचायला सांगायच्या. कुठेही तो क्षणभर जरी थबकला, तर आकार वाढवा किंवा फॉन्ट बदला. हे जागेवरून करा. पडद्याजवळ उभे राहून बघितलेले काही कामाचे नसते.

अक्षरांमधले अंतर मात्र वाढवू नका. रोमन अक्षरे सुटी असतात, त्यांना ते चालते. आपली अक्षरे शिरोरेषेला धरून असतात. अंतर वाढवले की शिरोरेषा तुटते आणि प्रत्येक अक्षर वेगळा शब्द वाटू लागते. मोकळेपणा हवा असेल तर शब्दांमध्ये एकाऐवजी दोन जागा सोडा.

मजकूर युनिकोडमध्ये टाइप केलेलाच हवा. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल प्रॉम्प्टरमध्ये टाकली की निरर्थक चिन्हे येतात. पीडीएफमधून उचललेल्या मजकुरात वेलांट्या जागा सोडतात. काही ॲपमध्ये युनिकोड असूनही जोडाक्षरे फुटतात. त्यासाठी ‘विद्यार्थ्यांनी’ आणि ‘दऱ्याखोऱ्यांत’ हे दोन शब्द टाकून पाहा. हे दोन नीट उमटले तर बाकीची चिंता नको. पाय मोडलेली अक्षरे दिसली तर ते ॲप सोडून द्या.

आणि लिहा तसे, जसे बोलता. ‘तोंडाने’ म्हणता की ‘तोंडानं’? जे म्हणत असाल ते लिहा. लिहिलेले एक आणि जिभेवरचे दुसरे, असे झाले की प्रत्येक शब्दाला डोके आतल्या आत भाषांतर करत बसते. आकडे अक्षरांत लिहा. ७९ दिसल्यावर एकोणऐंशी म्हणायला मराठी माणसालाही क्षणभर लागतो, आणि त्या क्षणात ओळ वर निघून गेलेली असते. २५०० ऐवजी ‘अडीच हजार’ लिहा. कागदावर आकडा शोभतो, काचेवर शब्द.

सावकाश होण्याच्या खुणा

‘इथे हळू बोला’ असे कंसात लिहिणारे पुष्कळ असतात. तसे करू नका. सरकत्या मजकुरात जे वाचता येते ते तोंडातून निघते. ‘थांबा’ लिहिलेला शब्द लोकांनी गंभीरपणे म्हटलेला मी किती वेळा ऐकला आहे! खूण अशी हवी की जी म्हणताच येणार नाही.

माझ्याकडे चारच खुणा आहेत. पहिली, आखूड ओळ. तिचे काम वर सांगितले, आणि बहुतेक ठिकाणी ती एकटी पुरते. दुसरी, कोरी ओळ. एक कोरी ओळ म्हणजे सव्वादोन सेकंद, आणि कॅमेऱ्यासमोर सव्वादोन सेकंद बराच वेळ असतो. ती प्रत्येक वाक्यानंतर दिली तर बोलणे तुटक होते, म्हणून मुद्दा बदलताना किंवा ऐकणाऱ्याच्या मनात काही ठसायला हवे असेल तेव्हाच द्या. तिसरी, तिरकी रेघ. ओळीच्या आत अर्धा श्वास हवा असेल तर. चौथी, पिवळा रंग. ज्या शब्दावर जोर हवा तो पिवळा करा. इंग्रजीसारखी मोठी लिपी आपल्याकडे नाही, अधोरेखन केले तर रेघ उकारांवरून जाते, तिरपे अक्षर देवनागरीत डोळ्यांना खुपते. लाल आणि निळा काचेवर मंद पडतात. पिवळा उजळ राहतो. मात्र एका पडद्यावर एकच शब्द पिवळा हवा. तीन केलेत तर जोर कशावर द्यायचा हे बोलणाऱ्याला कळत नाही.

खूण नेहमी आधी यायला हवी, हे लक्षात ठेवा. मोठ्याने वाचताना डोळा आवाजाच्या दोन-तीन शब्द पुढे असतो. महत्त्वाच्या आकड्यावर सावकाश यायचे असेल तर त्याच्या आधीची ओळ आखूड करा. आकड्यावरच खूण दिली तर ती दिसेपर्यंत आवाज आधीच्या वेगाने आकड्यात शिरलेला असतो.

प्रॉम्प्टर दुसरे कुणी चालवत असेल तर चकती फिरवणाऱ्याने आवाजामागे चालायचे, पुढे नाही. नाहीतर बोलणाऱ्याला वाटते मजकूर पळतो आहे, म्हणून तो वेग वाढवतो. चालवणाऱ्याला वाटते याला घाई आहे, म्हणून तोही वाढवतो. दोघे मिळून दोन मिनिटांचे बोलणे सव्वा मिनिटात संपवतात. सुरू करण्याआधी चालवणाऱ्याने एवढेच सांगावे, ‘तुम्ही थांबलात तर मी थांबेन.’ बोलणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो.

एक मजकूर, दोन मांडण्या

एका प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर मॅडमनी गेल्या पावसाळ्यात सर्पदंशावर एक मिनिटाचा व्हिडिओ करायचे ठरवले. भातलावणीचे दिवस होते. नाग, मण्यार, घोणस, फुरसे, चारही विषारी साप त्या भागात आढळतात. त्यांच्याकडे कार्यालयातून आलेला मजकूर असा होता :

‘सर्पदंश झाल्यास रुग्णाने घाबरून न जाता शांत राहावे व दंश झालेल्या अवयवाची हालचाल टाळावी, तसेच जखमेवर चीर देऊ नये, तोंडाने विष ओढू नये अथवा घट्ट आवळपट्टी बांधू नये आणि रुग्णास विनाविलंब नजीकच्या शासकीय रुग्णालयात दाखल करण्यात यावे.’

माहिती अचूक आहे. पण हे वाक्य एका श्वासात म्हणता येत नाही, आणि पडद्यावर ते कुठेही मोडले तरी एक तरी ‘नये’ खाली जातोच. मॅडमनी दोनदा प्रयत्न केला आणि मला फोन करून म्हणाल्या, ‘काका, मी दवाखान्यात रोज हेच सांगते, मग इथेच का अडकते?’ मी म्हटले, ‘दवाखान्यात कसं सांगता, ते मला सांगा.’ त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेलो आणि त्या जिथे थांबल्या तिथे एंटर दाबत गेलो. थोडे सारखे केल्यावर मजकूर असा झाला :

नमस्कार.
पावसाळा सुरू झालाय.
शेतात, गोठ्यात, घराच्या कडेला
साप दिसायला लागतात.

साप चावला,
तर आधी माणसाला शांत बसवा.
चावलेला हात किंवा पाय
हलवू नका.

जखमेवर चीर देऊ नका.
तोंडानं विष ओढू नका.
वर दोरी आवळू नका.

अंगठी, बांगडी, पैंजण
लगेच काढून घ्या.
कारण सूज वाढते.

एकशे आठ.
एकशे आठला फोन करा.

विषावरचं औषध
सरकारी दवाखान्यात मिळतं.
मांत्रिकाकडे वेळ घालवू नका.

याचा हिशेब बघा. शब्द साठ. मॅडमच्या नेहमीच्या चालीने, मिनिटाला १०४ शब्दांनी, ते ३५ सेकंदांत संपले असते. पण ओळी १९ आणि कोऱ्या ओळी ५, अशा २४. सव्वादोन सेकंदांच्या ठोक्याने सुमारे ५५ सेकंद. मधले वीस सेकंद कुठे गेले ते मजकुरात दिसते. ‘साप चावला’ या दोन शब्दांना पूर्ण ओळ मिळाली, म्हणून तिथे आवाज सावकाश होतो आणि ऐकणारा कान टवकारतो. ‘हलवू नका’ एकटे आहे, म्हणून ते ठासून येते. तीन ‘नका’च्या ओळी सारख्या भरलेल्या आहेत, त्यामुळे त्या एका तालात येतात आणि लक्षात राहतात. पहिला ‘एकशे आठ’ दोनच शब्दांचा, त्याच्या आधी कोरी ओळ. फोनचा आकडा पहिल्यांदा ऐकताना माणूस फक्त ऐकतो, दुसऱ्यांदा ऐकताना लक्षात ठेवतो, म्हणून तो दोनदा. या सगळ्या मजकुरात रंगाची गरज एकाच ठिकाणी लागली, दुसऱ्या ‘एकशे आठ’वर.

मॅडमना चष्मा होता, जवळचा आणि लांबचा एकत्र. टेकच्या वेळी त्या हनुवटी वर करून वाचताहेत असे दिसले. खालच्या भागातून दीड मीटरवरचे धूसर दिसते आणि माणूस नकळत मान हलवत राहतो. त्यांनी फक्त लांबचा चष्मा घातला आणि मान स्थिर झाली. तिसरा टेक त्यांनी ठेवला.

रेकॉर्डिंग झाल्यावर

झालेला व्हिडिओ दोनदा तपासा. एकदा आवाज बंद करून फक्त डोळे बघा. ते आडवे धावताना दिसले तर ओळ रुंद आहे किंवा कॅमेरा जवळ आहे. ते खाली दिसले तर बाण लेन्सच्या खाली आहे. दुसऱ्यांदा पडदा झाकून फक्त ऐका. वाक्य मध्येच संपल्यासारखे वाटले तर तिथे ओळ चुकीच्या जागी मोडली आहे. सगळी वाक्ये एकाच चालीत आली तर सगळ्या ओळी सारख्या भरल्या आहेत, काही आखूड करा. एखाद्या शब्दाआधी आवाज अडखळला तर तो शब्द तुमच्या बोलण्यातला नाही, बदला. प्रत्येक खोटीची जागा मजकुरात किंवा कॅमेऱ्याच्या मांडणीत सापडते. ती दुरुस्त करा आणि पुन्हा बसा.

हे सगळे दोन-तीन मिनिटांच्या मजकुरापर्यंत उत्तम चालते. त्याहून लांब बोलायचे असेल तर तुकडे करून रेकॉर्ड करा. आणि ज्यांना वाचायची फारशी सवय नाही, त्यांच्यासाठी पूर्ण वाक्ये लिहूच नका. एका ओळीत एक-दोनच शब्द, ‘शांत’, ‘हलवू नका’, ‘एकशे आठ’ असे टाका आणि बाकीचे त्यांना त्यांच्या भाषेत सांगू द्या. त्यांच्यासाठी प्रॉम्प्टर आठवण देण्यापुरता पुरे.

म्हणून पुन्हा सांगतो, परिच्छेद थेट चिकटवू नका. आधी मजकूर कुणाला तरी समोर बसवून सांगा, आणि जिथे थांबाल तिथे एंटर दाबा. त्या भागातल्या बांधावर साप चावलेल्या माणसाजवळ उभा असलेला पोरगा मॅडमचा व्हिडिओ आठवेल, तेव्हा त्याला ‘दोरी आवळू नका’ हे सलग आठवले पाहिजे. त्यातला ‘नका’ दुसऱ्या ओळीवर पडून हरवता कामा नये.